पूर्ण वर्ग करून शिरोबिंदू रूप आणि कमाल-किमान किंमत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोबिंदू रूप म्हणजे काय आणि त्यातून कमाल किंवा किमान किंमत कशी दिसते?

ax² + bx + c ही वर्गराशी a(x − h)² + k अशी लिहिली की तिला शिरोबिंदू रूप म्हणतात. राशी तीच असते, तिची मांडणी फक्त बदलते. पहिल्या मांडणीत x दोन ठिकाणी असतो. x वाढला की ax² एका बाजूला ओढतो आणि bx कदाचित दुसऱ्या बाजूला, त्यामुळे एकूण किंमत वाढली की घटली हे नुसते पाहून कळत नाही. शिरोबिंदू रूपात x एकाच ठिकाणी, वर्गाच्या आत असतो.

आता एवढेच लक्षात घ्यायचे की वास्तव संख्येचा वर्ग कधीच ऋण नसतो. (x − h)² ची सर्वांत लहान किंमत 0 असते आणि ती फक्त x = h असतानाच मिळते. a धन असेल तर k मध्ये दर वेळी शून्य किंवा त्याहून जास्त काहीतरी मिळवले जाते, म्हणून k ही किमान किंमत ठरते. a ऋण असेल तर k मधून दर वेळी शून्य किंवा त्याहून जास्त काहीतरी वजा होते, म्हणून k ही कमाल किंमत ठरते. आलेखावर हाच (h, k) बिंदू पॅराबोलाचा शिरोबिंदू असतो.

यातून आणखी एक गोष्ट कळते. a धन असताना राशीला कमाल किंमत नसते, कारण x जसा h पासून दूर जाईल तशी ती वाढतच राहते. a ऋण असताना किमान किंमत नसते. म्हणून प्रश्नात काय विचारले आहे यापेक्षा आधी a चे चिन्ह पाहावे.

6x असेल तर 6 चे अर्धेच का घ्यायचे?

x² + 6x याला क्षेत्रफळ समजून आकृती काढा. x बाजूचा चौरस आणि त्याला लागून 6 रुंदीची, x लांबीची पट्टी. ही पट्टी मधोमध कापून 3 रुंदीचा एक तुकडा चौरसाच्या उजव्या बाजूला आणि दुसरा खालच्या बाजूला लावा. आता जवळजवळ x + 3 बाजूचा चौरस तयार होतो, फक्त कोपऱ्यात 3 × 3 एवढी जागा रिकामी राहते. ती भरायला 9 लागतात. म्हणून

x² + 6x = (x + 3)² − 9

अल्-ख्वारिझ्मीने नवव्या शतकात x² + 10x = 39 साठी अशीच आकृती दिली आहे. 5 रुंदीच्या दोन पट्ट्या, रिकामा कोपरा 25, म्हणजे पूर्ण चौरस 39 + 25 = 64, त्याची बाजू 8 आणि म्हणून x = 3. अर्धे घेणे म्हणजे पट्टी दोन बाजूंना वाटणे, आणि अर्ध्याचा वर्ग म्हणजे तो रिकामा कोपरा. हे एकदा डोळ्यांसमोर आले की b/2 चा वर्ग घ्यायचा की b² चे अर्धे, असा गोंधळ उरत नाही.

दहावीत पूर्ण वर्ग पद्धतीने वर्गसमीकरणे सोडवली होती. तीच पद्धत वापरूनही कमाल किंमत चुकते. असे का?

या विषयात सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून याचे उत्तर सावकाश वाचा.

समीकरणाला दोन बाजू असतात. 2x² − 12x + 7 = 0 असेल तर दोन्ही बाजूंना 2 ने भागता येते, स्थिरपद उजवीकडे नेता येते, दोन्ही बाजूंत 9 मिळवता येतात. या सगळ्यात मुळे बदलत नाहीत, आणि समीकरण सोडवताना आपल्याला मुळेच हवी असतात.

राशीला दुसरी बाजू नसते. f(x) = 2x² − 12x + 7 हिला 2 ने भागले तर x² − 6x + 3.5 ही वेगळीच राशी मिळते. तिची मुळे तीच असतात, शिरोबिंदूचा x सुद्धा तोच असतो, पण तिची किंमत सगळीकडे निम्मी झालेली असते. मूळ राशीची किमान किंमत −11 आहे, तर भागलेल्या राशीची −5.5. विद्यार्थी x = 3 बरोबर काढतो आणि किमान किंमत −5.5 लिहितो. निम्मे उत्तर बरोबर आल्यामुळे त्याला शंकाही येत नाही.

तेव्हा राशी असेल तर भागायचे नाही, सामाईक काढायचे. आणि एखादी संख्या मिळवली तर तिथेच, त्याच ओळीत ती वजाही करायची. समीकरणात दुसरी बाजू जे काम करते ते इथे त्या वजाबाकीने करायचे असते.

x² चा सहगुणक ऋण असेल तर नेमक्या पायऱ्या कोणत्या?

f(x) = −2x² + 12x − 7 घेऊ.

पहिल्या दोन पदांतून −2 सामाईक काढा. स्थिरपदाला हात लावू नका.

f(x) = −2(x² − 6x) − 7

ऋण संख्या सामाईक काढताना कंसातील चिन्हे बदलतात. +12x ला −2 ने भागले की −6x येते. इथे +6x लिहिले की पुढचे सगळे बिघडते, म्हणून कंस मनातल्या मनात सोडवून पाहा: −2 × −6x = +12x, बरोबर.

आता कंसातील x च्या सहगुणकाचे अर्धे −3 आणि त्याचा वर्ग 9. कंसाच्या आत 9 मिळवा आणि आतच 9 वजा करा.

f(x) = −2(x² − 6x + 9 − 9) − 7

पहिली तीन पदे मिळून पूर्ण वर्ग होतो.

f(x) = −2[(x − 3)² − 9] − 7

बाहेरचा −2 आता दोन्ही पदांना लावा. −2 × −9 = +18.

f(x) = −2(x − 3)² + 18 − 7
f(x) = −2(x − 3)² + 11

a = −2 ऋण आहे, म्हणून कमाल किंमत 11 आणि ती x = 3 असताना मिळते.

9 मिळवले होते, मग बाहेर 18 कसे आले?

कारण ते 9 कंसाच्या आत होते आणि कंसाबाहेर −2 उभा होता. आत 9 मिळवले याचा खरा अर्थ राशीत −18 घातले. ते भरून काढायला बाहेर +18 लागतात.

ही पायरी गाळून थेट "−2(x − 3)² − 9 − 7" असे लिहिणे ही नेहमीची चूक आहे. त्यातून −16 येते. ती चूक ओळखणे मात्र सोपे आहे. x = 0 ठेवल्यावर मूळ राशीची किंमत −7 येते, तर चुकीच्या मांडणीची −18 − 16 = −34. चौकोनी कंस लिहून −9 त्याच्या आत ठेवायची सवय लावली तर ही चूक होतच नाही, आणि ती जास्तीची ओळ लिहिण्याचा कंटाळा करू नये.

(x + 4)² असेल तर शिरोबिंदूचा x 4 की −4?

−4. वर्ग शून्य केव्हा होतो एवढेच विचारा: x + 4 = 0, म्हणून x = −4. शिरोबिंदू रूपात (x − h) असे लिहितात, त्यामुळे h चे चिन्ह कंसात उलटे दिसते. k चे चिन्ह मात्र जसे दिसते तसेच घ्यायचे. "एकाचे चिन्ह बदल, दुसऱ्याचे नको" असे पाठ करण्यापेक्षा कंस शून्य करून पाहणे भरवशाचे.

सहगुणक विषम असला की अपूर्णांक येतात आणि गोंधळ उडतो. काही सोपा मार्ग आहे का?

आहे, आणि तो आपल्याकडचाच जुना मार्ग आहे. वर्गसमीकरण सोडवण्यासाठी श्रीधराचार्यांचा नियम असा, की दोन्ही बाजूंना x² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे आणि मग x च्या मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवावा. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या बीजगणितात हा नियम श्रीधरांच्या नावाने दिला आहे. यात अपूर्णांक येतच नाहीत.

राशीसाठी तो वापरताना एकच बदल करायचा: शेवटी 4a ने पुन्हा भागायचे. f(x) = 3x² − 5x + 4 घेऊ. 4a = 12.

12 f(x) = 36x² − 60x + 48
12 f(x) = (6x − 5)² − 25 + 48
12 f(x) = (6x − 5)² + 23

वर्ग शून्य होतो x = 5/6 असताना, आणि तेव्हा 12 f(x) = 23, म्हणून किमान किंमत 23/12. शिरोबिंदू रूप हवे असेल तर 12 ने भागून

f(x) = 3(x − 5/6)² + 23/12

नेहमीच्या रीतीने केले तर 5/3 चे अर्धे 5/6, त्याचा वर्ग 25/36, त्याला 3 ने गुणून 25/12 आणि 4 − 25/12 = 23/12. उत्तर तेच येते. फरक एवढाच, की पहिल्या रीतीत अपूर्णांक फक्त शेवटच्या ओळीत येतो. 12 f(x) डावीकडे लिहिलेलेच ठेवा. ते गाळून नुसती राशी लिहीत गेलात तर भागायचे राहून जाते आणि किमान किंमत 23 लिहिली जाते.

x = −b/2a हे सूत्र असताना हा सगळा खटाटोप कशाला?

नुसता शिरोबिंदू हवा असेल तर सूत्र वापरायला काहीच हरकत नाही. x = −b/2a काढा, ती किंमत मूळ राशीत ठेवा, k मिळेल. ते सूत्र पूर्ण वर्ग करूनच आलेले आहे:

ax² + bx + c = a(x + b/2a)² + (4ac − b²)/4a

पण शिरोबिंदू रूप हातात असले की नुसत्या बिंदूपेक्षा जास्त कळते. शिरोबिंदूपासून d अंतरावर गेले तर किंमत नेमकी a·d² ने बदलते, हे त्या रूपात समोरच लिहिलेले असते. x ला मर्यादा असतील किंवा x पूर्णांकच असावा लागत असेल तेव्हा याचाच उपयोग होतो. शिवाय "कमाल किंमत 11 आहे हे सिद्ध करा" असे विचारले असेल तर सूत्रात x ठेवून 11 मिळवणे पुरेसे नाही. त्याने एवढेच कळते की ती किंमत त्या बिंदूवर आहे. −2(x − 3)² + 11 ही ओळ मात्र स्वतःच पुरावा आहे.

शाब्दिक उदाहरणात हे कसे वापरायचे?

एका भिंतीला लागून आयताकृती जागेला कुंपण घालायचे आहे. भिंतीच्या बाजूला जाळी लागत नाही, उरलेल्या तीन बाजूंसाठी 50 मीटर जाळी आहे. जास्तीत जास्त किती जागा घेता येईल?

भिंतीपासून बाहेर येणाऱ्या दोन बाजू प्रत्येकी x मीटर धरा. मग भिंतीला समांतर बाजू 50 − 2x मीटर. क्षेत्रफळ

A = x(50 − 2x) = −2x² + 50x

पूर्ण वर्ग करायच्या आधीच x च्या मर्यादा लिहून ठेवा: दोन्ही बाजू धन हव्यात, म्हणून 0 < x < 25. आता

A = −2(x² − 25x)
A = −2[(x − 12.5)² − 156.25]
A = −2(x − 12.5)² + 312.5

12.5 ही किंमत 0 आणि 25 यांच्या मध्ये आहे. म्हणून भिंतीपासून बाहेर 12.5 मीटर, समांतर बाजू 25 मीटर आणि क्षेत्रफळ जास्तीत जास्त 312.5 चौरस मीटर.

प्रश्न काय विचारतो तेही पाहावे. कधी क्षेत्रफळ विचारलेले असते, कधी बाजू. h हे "केव्हा" चे उत्तर, k हे "किती" चे. परीक्षेत बरोबर गणित करून एकाच्या जागी दुसरे लिहिले जाते.

शिरोबिंदू मर्यादेबाहेर पडला तर?

वरच्याच उदाहरणात भिंत फक्त 20 मीटर लांब आहे असे समजा, आणि समांतर बाजू भिंतीपेक्षा लांब चालणार नाही. मग 50 − 2x ≤ 20, म्हणजे x ≥ 15. आता x ला 15 पासून 25 पर्यंतच फिरता येते आणि 12.5 त्यात नाही. 312.5 हे उत्तर आता मिळूच शकत नाही, कारण त्यासाठी 25 मीटर भिंत लागते.

शिरोबिंदू रूप इथे पुन्हा उपयोगी पडते. −2(x − 12.5)² + 312.5 मध्ये x जितका 12.5 च्या जवळ तितके क्षेत्रफळ जास्त. परवानगी असलेल्या किमतींपैकी 12.5 ला सर्वांत जवळची 15. म्हणून

A = −2(2.5)² + 312.5 = −12.5 + 312.5 = 300

पडताळा सोपा आहे: 15 × 20 = 300. पुस्तकातील बहुतेक उदाहरणांत शिरोबिंदू मर्यादेतच येतो, त्यामुळे मर्यादा तपासायची सवय लागत नाही. मर्यादा आधी लिहून ठेवायला सांगितले ते यासाठीच.

x पूर्णांकच असायला हवा असेल तर?

वस्तूंची किंवा माणसांची संख्या असेल तर x = 5/6 ला अर्थ नसतो. राशीची किंमत फक्त x हा h पासून किती दूर आहे यावर ठरते, म्हणून h ला सर्वांत जवळचा पूर्णांक घ्यायचा. 3x² − 5x + 4 मध्ये h = 5/6, त्याला जवळचा पूर्णांक 1 आणि f(1) = 3 − 5 + 4 = 2. म्हणजे पूर्णांकांपुरती किमान किंमत 2, 23/12 नव्हे. f(0) = 4 काढून पाहिले की खात्री पटते.

h नेमका दोन पूर्णांकांच्या मधोमध आला, जसे 12.5, तर दोन्ही पूर्णांक सारखेच अंतर राखतात आणि दोन उत्तरे मिळतात. कुंपणात मीटर पूर्णांकी ठेवायचे असतील तर x = 12 आणि x = 13 दोन्हींना 312 येते. दोन्ही लिहावीत. k ची किंमत काढून ती गोल करू नये. आधी x ठरवायचा, मग राशीत ठेवायचा.

x⁴ + 4x² + 1 याची किमान किंमत अशीच काढता येईल का?

येईल, पण इथे मर्यादा लपून बसलेली असते. x² = y धरले की राशी y² + 4y + 1 = (y + 2)² − 3 होते. घाईने −3 लिहू नका. त्यासाठी y = −2 लागेल आणि y हा वर्ग असल्यामुळे ऋण होऊच शकत नाही. y ≥ 0 मधील −2 ला सर्वांत जवळची किंमत 0, म्हणून किमान किंमत 1 आणि ती x = 0 असताना. नवे अक्षर घेतले की ते कोणत्या किमती घेऊ शकते हे त्याच ओळीत लिहायचे.

मुळे आहेत की नाहीत हे शिरोबिंदू रूपातून कळते का?

लगेच कळते. 3(x − 5/6)² + 23/12 ची किमान किंमतच धन आहे, म्हणजे आलेख x अक्षाला कधी टेकत नाही आणि वास्तव मुळे नाहीत. −2(x − 3)² + 11 ची कमाल किंमत धन आहे आणि दोन्ही बाजूंनी आलेख खाली जातो, म्हणून दोन मुळे आहेत. (x − 3)² = 11/2 असे लिहिले की ती मिळतातही. k = 0 असेल तर आलेख अक्षाला एका बिंदूत स्पर्श करतो. विवेचक b² − 4ac हाच इथे दुसऱ्या रूपात दिसतो, कारण k = −(b² − 4ac)/4a.

उत्तर बरोबर आहे की नाही हे पटकन कसे तपासायचे?

x = 0 ठेवा. शिरोबिंदू रूपातून ah² + k येते, ते मूळ स्थिरपदाइतके हवे. −2(9) + 11 = −7, जुळले. k मधील जवळजवळ सगळ्या चुका इथे पकडल्या जातात.

पण h = 0 नसताना h चे चिन्ह चुकले तर ही तपासणी फसते, कारण h² मध्ये चिन्ह नाहीसे होते. −2(x + 3)² + 11 लिहिले तरी x = 0 ला −7 च येतात. म्हणून दुसरी तपासणीही करावी: h च्या दोन्ही बाजूंना एकेक पाऊल जाऊन मूळ राशीत किंमत काढा. f(2) = −8 + 24 − 7 = 9 आणि f(4) = −32 + 48 − 7 = 9. दोन्ही सारख्या आल्या आणि 11 पेक्षा बरोबर 2 ने, म्हणजे a इतक्याच, वेगळ्या आल्या. h चुकीचा असता तर f(−4) = −87 आणि f(−2) = −39 अशा दोन निराळ्या संख्या समोर आल्या असत्या.